शेजारणीला पाठवायच्या संदेशाविषयी

प्रिय मित्रा,

सोसायटीच्या नव्या सभासद बाईंसाठी तू लिहिलेला संदेश वाचला. त्या हिंदी भाषक असून सहा महिन्यांपासून मराठी शिकत आहेत, असे तू कळवलेस. तुझे वाक्य असे आहे: ‘टाकी साफ करण्याचे काम हाती घेण्यात येणार असल्याने परवा सकाळी १० ते दुपारी २ पर्यंत पाणीपुरवठा बंद राहणार असून पाण्याअभावी होणारी गैरसोय टाळण्यासाठी आपण पुरेसे पाणी भरून ठेवावे.’

व्याकरणाची एकही चूक त्यात नाही. अडचण रचनेची आहे. ‘असल्याने’, ‘असून’, ‘टाळण्यासाठी’ अशा दुव्यांनी जोडलेल्या या वाक्यात त्यांनी नेमके काय करायचे, हे अगदी शेवटच्या शब्दांत कळते आणि तोवर आधीचे सगळे त्यांना डोक्यात धरून ठेवावे लागते. त्यातच ‘पाण्याअभावी’ हा शब्द त्या कोशात शोधतील, पण कोशात ‘पाणी’ आहे आणि ‘अभाव’ आहे. सामान्यरूपाची सवय नसलेल्या माणसाला ‘पाण्या’तून ‘पाणी’ पटकन ओळखता येत नाही. ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही आणि मी’ असे त्या बहुधा शिकल्या असतील. मग पाणी कोणी भरायचे?

मी असे लिहीन: ‘गुरुवारी, १२ तारखेला, टाकी स्वच्छ करायची आहे. म्हणून सकाळी १० ते दुपारी २ पाणी येणार नाही. तुम्ही १० वाजायच्या आधी पाणी भरून ठेवा.’ इथे ‘परवा’ काढला, कारण संदेश दुसऱ्या दिवशी वाचला की तो चुकतो, शिवाय मराठीत तो मागच्या दिवसालाही चालतो. ‘म्हणून’ मात्र मुद्दाम ठेवला. वाक्ये तोडताना कारणाचा धागाही तुटला, तर तीन सुट्या सूचना उरतात.

शब्द निवडताना आपल्याला सोपा वाटणारा शब्द त्यांनाही सोपा असेल, असे धरू नकोस. हिंदी भाषकाला ‘वाट पाहा’पेक्षा ‘प्रतीक्षा करा’ लवकर कळते, मग आपल्या कानाला ते कितीही सरकारी वाटो. उलट, दोन्ही भाषांत सारखे दिसणारे काही शब्द फसवतात. ‘टाकी खाली आहे’ असे लिहिलेस तर त्या ती रिकामी समजतील. तिथे ‘तळमजल्यावर’ लिही. (कानडी किंवा तमिळ भाषक शेजाऱ्यासाठी ही यादी वेगळी होईल.) पण म्हणून प्रत्यय गाळून ‘तुम्ही पाणी भरणे’ असली मोडकी मराठी लिहू नकोस, कारण वर्गात शिकलेले त्यांना तिथे सापडत नाही.

उत्तरादाखल ‘ठीक आहे’ आले, तर त्यावर विसंबू नकोस. ‘तुम्ही पाणी किती वाजता भरणार?’ असे विचार. ‘२ नंतर’ असे उत्तर आले, तर तिसरे वाक्य पुन्हा लिही.

तुझा,
काका