मोडी कागद वाचणाऱ्या एआयचा दावा कसा पारखावा?

प्रश्न: इंदूरच्या आमच्या वाचनालयात एका कंपनीने मोडी कागद वाचणाऱ्या एआयचे प्रात्यक्षिक दाखवले. एआयच्या जुन्या फसलेल्या लाटा पाहता विश्वास ठेवावा का?

उत्तर: त्यांनी दाखवलेले कागद कोणी निवडले होते, हे आधी विचारा. जानेवारी १९५४ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी रशियन वाक्यांचे यंत्राने इंग्रजीत भाषांतर करून दाखवले, तेव्हा तीन ते पाच वर्षांत हा प्रश्न सुटेल, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात यंत्राकडे जेमतेम २५० शब्द आणि सहा नियम होते, आणि वाक्येही त्यांच्या बेताचीच निवडलेली होती. १९६६ मध्ये अमेरिकेत यंत्रभाषांतराचा आढावा घेणाऱ्या अल्पॅक समितीने हिशेब मांडला, तेव्हा यंत्राचे भाषांतर माणसाकडून सुधारून घेण्यापेक्षा थेट माणसाकडून करवून घेणे स्वस्त पडते, असे आढळले. त्यानंतर अमेरिकेतील सरकारी निधी आटला.

म्हणून होळकरकालीन दप्तरातले, वेगवेगळ्या हातांचे, डागाळलेले कागद तुम्हीच काढून द्या. अचूकतेची टक्केवारी फारशी मनावर घेऊ नका (अक्षरे बहुतेक बरोबर येऊनही नेमके नाव किंवा रक्कम चुकू शकते). तुमच्या मोडी वाचकाला यंत्राची प्रत दुरुस्त करायला किती वेळ लागतो आणि कोऱ्या कागदावर लिप्यंतर करायला किती, एवढेच मोजा.