चिनी शेअर ॲपमधले लाल, हिरवे आणि पिवळे रंग

प्रश्न: चीनच्या शेअरबाजाराचं ॲप उघडलं तर जवळजवळ सगळं लाल. बाजार पडलाय म्हणावं, तर आकड्यांपुढे अधिकचं चिन्ह आहे. ॲप बिघडलंय का?

ॲप ठीक आहे, बाजार वर आहे. चीन आणि तैवानमध्ये भाव चढला की लाल आणि उतरला की हिरवा दाखवतात. दक्षिण कोरियात चढता भाव लालच, पण उतरता निळा. त्यामुळे आधी अधिक-उणेचं चिन्ह बघा, रंग नंतर.

खरा गोंधळ पुढे आहे. एकाच शेअरचा आकडा लाल आणि त्याचीच कँडल हिरवी असंही दिसतं. समजा कालचा बंद भाव 50.00 होता, आज शेअर 52.00 ला उघडला आणि आता 51.00 वर आहे. आकड्याची तुलना कालच्या बंद भावाशी होते, म्हणून +1.00, +2.00% लाल रंगात येतं. कँडलची तुलना मात्र आजच्या उघडत्या भावाशी, आणि 51 हे 52 पेक्षा कमी, म्हणून ती हिरवी. दोन्ही रंग बरोबर आहेत, फक्त पाया वेगळा आहे. कालचा बंद भाव स्क्रीनवर 昨收 या अक्षरांपुढे असतो आणि उघडता भाव 今开 पुढे; शंका आली की हे दोन आकडे शोधा.

खरेदी-विक्रीच्या बोलींच्या तक्त्यातही असंच होतं. तिथला भाव लाल आहे म्हणजे तो विक्रेत्याचा, असं नसतं. कालच्या बंद भावाच्या वर असलेली प्रत्येक बोली लाल, मग ती कुणाचीही असो.

पिवळ्याला धोक्याची सूचना समजू नका. दिवसभराच्या आलेखात एका शेअरची पांढरी रेषा म्हणजे चालू भाव आणि पिवळी रेषा म्हणजे त्या दिवसाचा सरासरी भाव. हलक्या पार्श्वभूमीवर पांढरी रेषा दिसणारच नाही, म्हणून तिथे तिचा रंग बदललेला असतो.

सगळ्यात जास्त जपायचं ते बटणांना. खरेदीचं 买入 बटण बहुधा लाल असतं आणि विक्रीचं 卖出 हिरवं किंवा निळं. लाल म्हणजे रद्द किंवा विक्री अशी सवय बोटांना लागलेली असेल, तर नको असलेली ऑर्डर सहज जाते. पुष्टीच्या खिडकीत रंगाकडे न बघता ही अक्षरं आणि शेअरची संख्या वाचा, मगच दाबा.

बऱ्याच ॲपच्या सेटिंगमध्ये रंग उलटे करता येतात. 红涨绿跌 म्हणजे लाल वर, हिरवा खाली. 绿涨红跌 म्हणजे उलट. पण ही अदलाबदल तुमच्याच ॲपपुरती राहते. दुसऱ्याने पाठवलेला स्क्रीनशॉट त्याच्या सेटिंगनुसारच येणार. हाँगकाँगमध्ये तर चढत्या भावाला हिरवा रंग देण्याची पद्धत जुनी आहे, त्यामुळे तिथल्या शेअरच्या स्क्रीनशॉटवरून अंदाज बांधताना चिन्ह दिसत नसेल, तर 昨收 चा आकडा मागवून घ्या.