बटेरची पिल्लं पटापट मरतायत? आधी गळ्याखाली बोट लावून बघा

प्रश्न: "तासगावजवळ शेड आहे. पहिल्यांदाच ३०० बटेरची पिल्लं आणली, अंड्यांसाठी आणि थोडी मांसासाठी. आज पाचवा दिवस, ७२ गेली. कालपासून दुकानातनं आणलेली पावडर पाण्यात चालू केलीय. कुठला रोग असेल? आणि मोठी झाल्यावर एका पिंजऱ्यात किती ठेवायची, खाद्य कुठलं?"

उत्तर:

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि माझी पहिली बॅच डोळ्यासमोर आली. मी डॉक्टर नाही. विट्याकडं पाच वर्षं बटेर करतोय, त्यावरनं सांगतो. शेड कसं बांधायचं, तूस किती अंथरायचं हे सोडून देतो, ते तुम्ही केलंच असेल.

माझी ५०० पिल्लं जानेवारीत आली. सात दिवसांत अशी गेली: ११, १४, ३८, ६१, ३३, १२, ५. एकूण १७४. आज हे आकडे बघितले की कारण लगेच कळतं. त्या वेळी मला फक्त रोग दिसत होता. चौथ्या दिवशी सकाळी पाच मेलेली पिल्लं पिशवीत घालून मी एका सरकारी दवाखान्यात गेलो. नाव घेत नाही. तिथं आधी "हा पक्षी आमच्याकडं येत नाही" म्हणाले, मग साहेब मीटिंगला गेलेत, मग उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलो तर पिशवीतली पिल्लं सडली म्हणून माझ्यावरच ओरडले. एकानंही पोट फाडून बघितलं नाही. वैतागून औषधाच्या दुकानात गेलो, त्यानं अँटिबायोटिकची पावडर दिली. पाचव्या दिवसापासून मरतुक कमी झाली आणि मी वर्षभर त्या पावडरीचे गोडवे गात फिरलो.

पुढं एका लेयरवाल्या काकांनी मेलेलं पिल्लू बोटांनी उघडून दाखवलं. आतला पिवळा बलक संपलेला, पोटात दाणा नाही. ते म्हणाले, "अरे, हे उपाशी मेलंय."

अंड्यातनं बाहेर पडताना पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो. त्यावर ते साधारण तीन दिवस काढतं. तेवढ्यात खायला शिकलं नाही तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी एकदम आडवं होतं. सगळ्यात जास्त मरतुक चौथ्या दिवशी आणि मग आपोआप उतार, ही बहुतेक वेळा उपासमारीची खूण. जी शिकली ती उरली, एवढंच. माझ्या पावडरीनं काहीच केलं नव्हतं, उलट कडू पाणी झाल्यामुळं कदाचित पिल्लं पाणीही कमी प्याली असतील.

म्हणून आज रात्री आठ वाजता एवढंच करा. दहा पिल्लं हातात घ्या आणि गळ्याच्या खाली, छातीच्या वर, किंचित उजवीकडं बोट लावा. तिथं खाद्याची पिशवी असते. खाल्लेल्या पिल्लाला तिथं मऊ, भिजलेल्या रव्यासारखी गोळी लागते. दहातल्या तीन-चारांना काही लागत नसेल तर रोग शोधत बसू नका. ती जगवायची तर खाद्य आणि ऊब दुरुस्त करा.

माझ्याकडं चूक कुठं झाली? पहिली दाण्याची. मी ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर पोतं फोडून तसंच ताटात घातलं. ते कोंबडीच्या पिल्लासाठी, जे जन्मतःच ४० ग्रॅमचं असतं. बटेरचं पिल्लू आठ ग्रॅमचं. त्याच्या चोचीला तो दाणा म्हणजे आपल्याला अख्खा नारळ. आता मी मिक्सरला एक झटका देऊन जाड रव्याएवढं करतो. पीठ करू नका, ते चोचीला चिकटतं आणि पिल्लं खाणं सोडतात. पहिले तीन दिवस ताट नाहीच, गोणपाटाच्या तुकड्यावर खाद्य सरळ पसरायचं. वर्तमानपत्र अंथरलं असेल तर काढून टाका, त्यावर पाय घसरतात. दोन दिवसांत पाय फाकले की ते पिल्लू ताटापर्यंत जाऊच शकत नाही.

दुसरी चूक ऊबेची. थर्मामीटर मी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला टांगला होता आणि ३४ बघून खूश होतो. पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ठेवला तर २७! पहिल्या आठवड्यात त्या उंचीवर ३५ ते ३७ अंश लागतात, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. आणि एलईडी बल्ब लावून बसू नका, त्यानं उजेड पडतो, ऊब मिळत नाही. जुने काचेचे पिवळे बल्ब किंवा पोल्ट्रीच्या दुकानातला इन्फ्रारेड, पिल्लामागे साधारण एक ते दोन वॅट धरून. थर्मामीटरपेक्षा मी आता पिल्लांकडंच बघतो. गठ्ठा करून बल्बखाली बसली की गारठलीत, कडेला जाऊन चोच उघडी टाकली की उकडतंय. खळ्यावर ज्वारी सांडल्यासारखी सगळीकडं पसरून असतील तर तुम्ही निवांत झोपा. गारठलेलं पिल्लू खायला उठतच नाही, म्हणजे दोन्ही चुका एकाच खात्यात जमा होतात.

आमच्याकडं लाईट जायची ती रात्री दोनच्या सुमारास. तक्रार द्यायला एका कार्यालयात तीन चकरा मारल्या, तिथं एक वही होती, तीत नाव लिहून घेतलं, अजूनही तीत असेल. लाईटीवर अवलंबून राहू नका. मी कोळशाची शेगडी बाहेर पेटवून, धूर गेल्यावर, वर पत्रा टाकून ठेवतो आणि वारा खेळता ठेवतो. बंद खोलीत कोळसा अजिबात नको, पिल्लांनाही नको आणि तुम्हालाही.

पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात खडे टाकलेले हवेत. बोटभर पाण्यातही ही पिल्लं बुडतात. बुडाली नाहीत तरी भिजतात आणि भिजलेलं पिल्लू रात्र काढत नाही.

दुसरी बॅच ३०० ची घेतली, एवढंच बदललं. पहिल्या आठवड्यात १९ गेली. औषध एक रुपयाचं नाही. सातव्या दिवशी दहा पिल्लं किचनच्या काट्यावर ठेवा. जन्माच्या वजनाच्या तिप्पट भरली तर तुमची गाडी रुळावर.

आता अपवाद. मेलेल्या पिल्लाची बेंबी ओली, पोट फुगलेलं, आत बलक तसाच आणि घाण वास असेल तर तो हॅचरीचा दोष, तुमचा नाही. फोटो काढून ठेवा. आणि पिल्लं गळ्याखाली भरलेली असूनही मरत असतील किंवा दहा दिवसांनंतर मरतुक पुन्हा चढली तर मात्र तपासणी करा. "बटेरला रोगच होत नाहीत" असं पिल्लं विकणारे सांगतात, ते साफ खोटं. आतड्याला व्रण पडणारा एक आजार तर बटेरचा खास म्हणून ओळखला जातो. ताजं मेलेलं पिल्लू बर्फावर ठेवून न्या, फ्रीजरमध्ये दगड करून नाही. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आधी फोन करून मगच निघा.

पिंजऱ्याचं सांगतो. मला पिंजरे विकणाऱ्यानं तीन बाय दोन फुटाच्या कप्प्यात ६० पक्षी सांगितले होते. त्याला पिंजरे विकायचे नव्हते बहुतेक, पिल्लं विकायची होती. एका चौरस फुटात पाच मोठे पक्षी, म्हणजे त्या कप्प्यात ३०, हा माझा हिशोब. मी ४५ ठेवून बघितले. दहा दिवसांत पाठी सोलल्या आणि एकाला रक्त दिसलं की बाकीचे त्यालाच टोचत बसले. उंची दहा इंचांच्या वर नको. हा पक्षी दचकला की सरळ वर उडी मारतो, उंच पिंजऱ्यात त्याला वेग मिळतो आणि डोकं फुटतं.

तीन आठवड्यांचे झाले की छाती बघून नर-मादी वेगळे करा. नराची छाती तांबूस आणि साधी, मादीची करडी आणि काळ्या ठिपक्यांची. खायच्या अंड्यांसाठी नर लागतच नाही. मादींत ठेवलात तर पाठी ओरबाडतो आणि खाद्य फुकट खातो. नर पाचव्या आठवड्याला विकून मोकळे व्हा, तोवर एक पक्षी जेमतेम अर्धा किलो खाद्य खातो. त्यापुढं खातो जास्त आणि वाढतो कमी.

खाद्यात नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे पिल्लांना कोंबडीचं लेयर खाद्य घालणं. त्यात चुना जास्त, प्रथिनं कमी, लहान पिल्लांच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही. पिल्लांना २४ टक्क्यांच्या वर प्रथिनं लागतात, ब्रॉयलर प्री-स्टार्टर त्याच्या थोडं खालीच असतं पण चालतं. अंड्यावरच्या मादीला २० टक्क्यांच्या आसपास. मी १७ टक्के लिहिलेल्या लेयर खाद्याच्या ५० किलोच्या पोत्यात सहा किलो सोयापेंड मिसळतो, बरोबर २० वर येतं. पोत्यावरचा आकडा वाचून तुमचा हिशोब करा. पेंड पावसाळ्यात साठवू नका, बुरशीचा वास आला की गाईलाही घालू नका. शंभर मादींना दिवसाला अडीच ते तीन किलो लागतं.

मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडं सुरू होतं. थंडीत दिवस लहान असतो, तेव्हा बल्ब लावून उजेड १४ ते १६ तासांवर न्या, नाहीतर अंडी रोडावतात. आणि सकाळी पिंजरे बघून हिरमुसू नका. कोंबडीसारखं यांचं सकाळचं नसतं, बहुतेक अंडी दुपारी तीननंतर ते संध्याकाळपर्यंत येतात. मी पहिले चार दिवस सकाळी सातला जाऊन "एवढीच?" म्हणत होतो, कारण आदल्या संध्याकाळची अंडी बायको उचलून नेत होती आणि मला सांगत नव्हती.

रानातली लाव्ही धरून आणायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका. ती वन्यजीव कायद्यात येते, आपला जपानी बटेर वेगळा.

आज रात्री दहा पिल्लांच्या गळ्याखाली किती भरली, किती रिकामी, तेवढं लिहा. थर्मामीटर पाठीच्या उंचीवर ठेवून आलेला आकडाही लिहा. पावडर तोवर बंद ठेवा, साधं पाणी द्या.