डे टँकचं गणित फक्त तासांचं नसतं

डे टँक म्हणजे जनरेटर सेटला थेट डिझेल देणारी, मुख्य टाकीतून पंपाने भरली जाणारी छोटी टाकी. तिचं माप काढताना बहुतेक जण एकच हिशोब करतात. ४०० किलोवॅटचा सेट पूर्ण लोडवर तासाला साधारण १०० लिटर डिझेल जाळतो, म्हणजे ५०० लिटरची टाकी पाच तास पुरेल. कागदावर बरोबर आहे. पण इंजिन जाळतं त्यापेक्षा बरंच जास्त डिझेल ओढतं आणि उरलेलं गरम होऊन रिटर्न लाइनने टाकीत परत येतं. टाकी निम्मी झाली की तेच डिझेल फिरत राहतं, तापतं, पातळ होतं आणि सेट पूर्ण लोड घेईनासा होतो. टाकीच्या पत्र्याला हात लावून बघ, लगेच कळेल. म्हणून सक्शन आणि रिटर्न टाकीच्या विरुद्ध टोकांना ठेव, निम्म्यावर आली की पंप सुरू होऊ दे आणि टाकी रेडिएटरच्या गरम हवेत अजिबात नको. अकूस्टिक एन्क्लोजरच्या आत जागा उरली म्हणून तिथे घुसवणं हा तर नेहमीचाच घोळ.

दुसरं, ओव्हरफ्लो. माझ्या एका साइटवर फिलिंग आणि ओव्हरफ्लो दोन्ही पाइप एकाच मापाचे होते. पातळीनुसार पंप चालू-बंद करणारा फ्लोट स्विच अडकला, पंप चालूच राहिला आणि डिझेल व्हेंटमधून गच्चीवर. पंप दाबाने ढकलतो, ओव्हरफ्लो मात्र नुसत्या उताराने वाहतो; तो फिलिंगपेक्षा मोठाच हवा, मुख्य टाकीपर्यंत सलग उतारात, आणि त्यावर व्हॉल्व्ह कधीच नको. शिवाय पंप बंद करणारा हाय-लेव्हल स्विच फ्लोटपेक्षा वेगळा घे.