मशीनवर फ्री-हँड भरतकाम करताना पान गुळगुळीत कसं भरायचं?

"पान भरताना कापड गोळा होतं आणि खालचा पांढरा दोरा वर दिसतो. काय चुकतंय?"

दोरा वर येतोय म्हणजे वरचं टेन्शन जास्त आहे. ४ वर असेल तर २-३ वर आणा. पानाच्या मागच्या बाजूला वरच्या रंगाची बारीक कड दिसली की जमलं. दाते खाली करा, टाक्याची लांबी ०. रिंग हाताच्या भरतकामाच्या उलट लावायची: मोठी खाली, छोटी वरून दाबायची, म्हणजे कापड मशीनला टेकतं. टिचकी मारल्यावर ढोलकीसारखं वाजलं पाहिजे. ढिलं कापडच गोळा होतं. फूट काढला असला तरी त्याचा दांडा खाली करा (मी हमखास विसरते), नाहीतर टेन्शन लागतच नाही आणि खाली दोऱ्याचं जाळं होतं.