दिसत नसलेल्या नातेवाइकांसाठी फोटोंखाली काय आणि कसं लिहावं?

प्रश्न: मुलीचा पहिला वाढदिवस झाला, त्याचे फोटो घरच्या ग्रुपवर आणि फेसबुकवर टाकायचेत. माझ्या आजीला अजिबात दिसत नाही, एका काकांना अगदी थोडं दिसतं. दोघंही फोन वापरतात. फोटोंखाली काय लिहू म्हणजे त्यांना सगळं कळेल?

उत्तर:

या विषयावर आमच्या घरात बरीच वर्षं वाद चालू आहे, म्हणून लिहिते.

माझ्या आत्याची नजर काचबिंदूनं गेली. एकदम नाही, कडेनं आत आत येत गेली. आता ती टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, फोन चालवते, मराठी आवाज लावलेला आहे, आणि वेग इतका ठेवलेला असतो की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही. बातम्या, बँकेचे मेसेज, ग्रुपवरची भांडणं, सगळं ती स्वतः ऐकते. अडतं ते फक्त फोटोंपाशी.

माझ्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन सांगलीला झालं. आत्या त्यांची धाकटी बहीण, पण पाय मोडल्यामुळे तिला पुण्याहून येता आलं नाही. संध्याकाळी माझ्या थोरल्या भावानं ग्रुपवर फोटोंचा ढीग ओतला. खाली एक ओळ, तीही रोमन लिपीत मराठी, आणि पुढं हात जोडल्याची नि फुलांची चिन्हं ओळीनं. आत्याच्या फोननं काय वाचलं? ‘फोटो’, वेळ. पुढं सरकलं की परत ‘फोटो’, वेळ. मग ती एक ओळ इंग्रजी उच्चारात, म्हणजे काहीही न कळण्यासारखी, आणि त्यानंतर चिन्हांची नावं एकामागून एक. बाकीचे सगळे ‘वा वा’, ‘बापू काय छान दिसताहेत’ म्हणून लिहीत होते. ते मात्र तिला नीट ऐकू येत होतं. सख्ख्या भावाच्या समारंभात ती फक्त दुसऱ्यांची वाहवा ऐकत बसली होती.

मी भावाला म्हटलं, प्रत्येक फोटोखाली लिही. त्याचं म्हणणं, ‘तिला कशाला फोटोंचं वर्णन? उलट वाईट वाटेल. मी फोन करून सांगतो ना सगळं.’ हेच वाक्य तुम्हालाही कुणीतरी ऐकवेल, म्हणून सांगते. फोनवर सांगितलेलं एकदाच ऐकायला मिळतं, आणि सांगणाऱ्याला जे महत्त्वाचं वाटलं तेवढंच मिळतं. भावानं फोनवर आत्याला सांगितलं ते जेवणाचा बेत आणि कोण कोण आलं होतं ते. लिहिलेलं मात्र तिला हवं तेव्हा, हवं तितक्या वेळा ऐकता येतं, आणि त्याच क्षणी ग्रुपवर बोलताही येतं.

मग एक फोटो मी स्वतः लिहून परत टाकला. तो असा:

‘गुळाची तुला. मोठ्या लाकडी तराजूच्या डाव्या पारड्यात बापू मांडी घालून बसलेत, दोन्ही हातांनी साखळ्या घट्ट धरून. पांढरं धोतर, खांद्यावर मरून शाल. उजव्या पारड्यात 10 किलोच्या 6 ढेपा रचल्यात. माई शेवटची ढेप ठेवून हात काढून घेतेय. तिनं गुलबक्षी काठाची हिरवी इरकल नेसलीय. बापूंचं पारडं जमिनीपासून वीतभर वर गेलंय आणि ते खाली बघून हसतायत. मागं दादा दोन्ही हात पुढं करून उभा आहे, पारडं हललं तर धरायला.’

थोड्या वेळानं आत्याचा मेसेज आला, ‘ती हिरवी इरकल माझी. माईला मी दिलेली. आणि दादाला सांगा, भिऊ नको, पूर्वी तराजू घरचाच होता, बापू लहानपणी त्यावर झोके घ्यायचा.’ हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्यावरून ग्रुपवर जो विषय निघाला तो रात्री उशिरापर्यंत चालला. वाईट वाटेल म्हणणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

आता त्या वर्णनात काय केलंय ते सांगते, तुम्हाला तेच करायचंय.

पहिलं वाक्य म्हणजे नुसता प्रसंग. ऐकणारा माणूस मधेच पुढच्या फोटोवर सरकू शकतो, म्हणून मुख्य गोष्ट पहिल्या दोन-तीन शब्दांत यायला हवी. ‘या फोटोत आपल्याला दिसतं की’ असलं काही लिहू नका. फोटो आहे हे फोननं आधीच सांगितलेलं असतं. मग माणसं, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, ज्या नावानं सगळं घर ओळखतं त्या नावानं. ‘आई’, ‘मामा’ असं लिहिलंत तर कुणाची आई हा प्रश्न उरतो, आणि फोटो पुढं कुणाला पाठवला की ते आणखीच कळेनासं होतं. ‘माई’ म्हटलं की आमच्याकडे एकच माणूस. नंतर हात काय करतायत, नजर कुठं आहे. चेहऱ्यापेक्षा हात जास्त सांगतात. ‘सगळे आनंदात आहेत’ यातून काहीच कळत नाही. साखळ्या घट्ट धरल्यात आणि तरी हसतायत, यातून बापू कळतात.

‘सुंदर’, ‘गोड’, ‘अविस्मरणीय’ हे शब्द वर्णनात नकोतच. ते बघणाऱ्याचं मत झालं. तुम्ही फ्रॉकचा रंग आणि झालर सांगा, गोड आहे की नाही ते आजी ठरवेल.

लांबी तीन-चार वाक्यं, फार तर सहा. तुलेचा फोटो मोठा होता म्हणून मी सातवर गेले आणि शेवटी दादासाठी एक जास्तीचं घातलं, कारण त्या फोटोत तो तसा उभा होता हे आत्याला कळायलाच हवं होतं. साध्या गटफोटोला दोन वाक्यं पुरतात. फोटोच निवडून टाका. एकाच पोजचे पाच फोटो असतील तर एक ठेवा आणि त्याचं नीट लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर एकदम अनेक फोटो निवडले तरी पाठवण्याआधी एकेका फोटोवर सरकून त्याचं त्याचं कॅप्शन लिहिता येतं. एकाच्याच खाली लिहिलंत तर बाकीचे परत नुसते ‘फोटो’.

लिपी देवनागरीच. विरामचिन्हं द्या, कारण पूर्णविरामावर आवाज थांबतो. ती नसतील तर माई, ढेप आणि शाल एका श्वासात निघून जातात. ‘चि.’, ‘सौ.’ असे संक्षेप टाळा, त्यातल्या टिंबावर वाक्य संपल्यासारखं होतं. तारीख ‘12/5’ अशी नको, ‘12 मे’ लिहा. चिन्हं हवी असतील तर एखादं, तेही शेवटी. आणि जी सजवलेली वळणदार इंग्रजी अक्षरं लोक कुठूनतरी उतरवून आणतात ती अजिबात नकोत. वाचणाऱ्या फोनच्या लेखी ती अक्षरं नसतात, गणिताची चिन्हं असतात. केकवर किंवा फलकावर काही लिहिलेलं असेल तर ते शब्द जसेच्या तसे वर्णनात द्या.

फेसबुकवर एक वेगळी सोय आहे. फोटोच्या संपादनात Alt text नावाची जागा असते, तिथं लिहिलेलं फक्त वाचून दाखवणाऱ्या फोनला ऐकू जातं, इतरांना दिसत नाही. ती रिकामी सोडली तर फेसबुक स्वतःच ‘May be an image of’ असं सुरू करून माणसं, केक असं काहीतरी मोघम भरतं. त्यात तुमच्या मुलीचं नाव कुठून येणार? पण मी म्हणेन, वर्णन उघड कॅप्शनमध्येच लिहा. कारण तुमचे काका. थोडं दिसणारी बरीच माणसं वाचून दाखवणारी सोय लावतच नाहीत, अक्षर मोठं करून वाचतात. Alt text त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय कुणी फोटो उतरवून घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की ते वर्णन मागेच राहतं.

माझ्या वहिनीचा आक्षेप असा की एवढं लांब कॅप्शन असलं की लोक पोस्ट वाचत नाहीत. मग पहिल्या ओळीत सगळ्यांसाठी काय ते लिहा, एक ओळ सोडा आणि खाली वर्णन द्या. ज्याला नको तो पुढं जाईल. शंभर लोकांना अर्धा सेकंद वाचवायला एका माणसाला बाहेर ठेवायचं, हे मला आजही पटत नाही, आणि वहिनी हे वाचत असेल तर तिलाही मी हेच सांगेन.

तुमच्या पोस्टसाठी एक नमुना, ईरा, आई, आजोबा, बाबा यांच्या जागी तुमच्या घरातली नावं घाला:

‘केक कापताना. मधे ईरा, आईच्या मांडीवर. पिवळा फ्रॉक, डोक्यावर कागदी मुकुट, तो एका कानावर घसरलाय. उजवा हात मनगटापर्यंत केकमध्ये. डावीकडे आजोबा टाळ्या वाजवतायत, उजवीकडे बाबा सुरी उंच धरून उभे, तिच्या हाताला लागू नये म्हणून. केकवर लिहिलंय, ईरा एक वर्षाची.’

एक गोष्ट राहिली. आत्यानं चाळिशीपर्यंत सगळं पाहिलेलं आहे, म्हणून तिला रंग हवे असतात, आणि नुसता ‘हिरवा’ नाही, पोपटी की बाटलीसारखा ते सुद्धा. जन्मापासून न दिसणाऱ्या प्रत्येकाला तेवढे रंग हवेच असतात असं नाही. कुणाला कापडाचा पोत, आवाज, कोण कुणाच्या किती जवळ उभं आहे हे जास्त हवं असतं. तेव्हा दोन फोटो लिहून झाले की आजीला सरळ विचारा, यात काय कमी पडलं. आणि लहान मुलीची पोस्ट फेसबुकवर सगळ्यांना उघडी ठेवणार असाल तर पत्ता, पाळणाघराचं नाव असलं काही वर्णनात घालू नका. ते घरच्या ग्रुपवर लिहा.