तीन इंचांची भिंत

प्रश्न: "वडील गेल्यापासून वाटणी अडली आहे. मधली मातीची भिंत अर्धी-अर्धी घेऊ आणि आपापली बाजू पाडून विटांची बांधू, असं धाकट्याचं म्हणणं. नको म्हटलं तर मीच आडमुठा ठरतो. काय करू?"

एका घरचं सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

साताऱ्याकडचं गाव, गावठाणातलं जुनं घर. मधली भिंत दोन फूट जाड, लांबी अठ्ठावीस फूट, दगड-पांढऱ्या मातीची. दोघं भाऊ माझ्याकडे आले ते बहिणीने आणले म्हणून. खुर्च्या शेजारी होत्या, पण दोघंही माझ्याकडेच बघून बोलत. थोरला म्हणायचा, "त्याला सांगा." धाकटा म्हणायचा, "ह्यांना विचारा."

मी पहिल्या बैठकीत समजूत काढली नाही, कागद पुढे केला. भिंत अर्धी केली तर प्रत्येकाला बारा इंच. नवी भिंत नऊ इंची. उरले तीन. अठ्ठावीस फुटांना तीन इंच म्हणजे सात चौरस फूट, गिलावा धरला तर त्याहून कमी. एक खाटही मावायची नाही. धाकटा आकड्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "जागेचं नाही हो. आईच्या आजारपणात ह्यांनी मला विचारलं नाही." भिंतीचं भांडण बहुतेक वेळा असं कुठून तरी वाहत आलेलं असतं. पण ते ओळखलं म्हणजे भिंत बाजूला पडते, असं नाही. ती तिथेच उभी असते आणि तिचंही काहीतरी करावं लागतं.

म्हणून पुढची भेट त्यांच्या घरी, गवंड्याला घेऊन ठेवली. गवंडी वयस्कर. त्याने परसाकडच्या टोकाला गिलाव्याचा हातभर पापुद्रा काढला आणि म्हणाला, "ही उभी चिरता येत नाही." अशा भिंतीला दोन्ही बाजूंना दगडांची तोंडं असतात, पोटात खडी-मातीची भर असते आणि अधूनमधून आरपार गेलेला एखादा लांब दगड दोन्ही अंगं धरून ठेवतो. एक अंग उतरवलं की दुसरं फुगतं, एखाद्या पावसात बसतं.

तेवढ्यात गिलाव्याखालून काळं लाकूड दिसलं. तुळईचं टोक. धाकट्याच्या खोलीत त्या जागी तुळईच नव्हती. गवंड्याने वर चढून कौलं उचलली. भिंतीचा मागचा आठ फुटांचा तुकडा भावाभावांमधला नव्हताच. थोरल्याची बाजू तिथे आधीच संपत होती, पलीकडे शेजारच्या आजींचं माजघर होतं. त्यांच्या छपराची तुळई ह्याच भिंतीत पार अलीकडच्या गिलाव्यापर्यंत घुसलेली होती. भिंत खाली आली असती तर पहिलं छप्पर आजींचं गेलं असतं.

आजींना बोलावलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या आजोबांनी हो म्हटलं होतं. कागद कुठला?"

मग जे झालं ते मी इतरांनाही सांगत असतो. पाच महिन्यांत पहिल्यांदा दोघं भाऊ एकमेकांकडे वळून बोलले. बोलले काय, तर "म्हातारीला तुळई काढायला लावू." असं एकमत दिसलं की बहीण हुरळून गेली. मला मात्र धोका दिसला. तिसऱ्यावर राग काढून जुळलेले भाऊ तो तिसरा बाजूला झाला की पुन्हा फुटतात.

मी आजींना घरी पाठवलं आणि भावांना वकिलाकडे. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ प्रमाणे शेजाऱ्याच्या बांधकामाला आधार हक्क म्हणून, सलग वीस वर्षं, बिनअडथळा मिळत आला असेल तर तो हक्काचा होऊ शकतो. इथे पन्नासेक वर्षं झाली होती. मात्र आजोबांनी नुसती परवानगी दिली होती असं ठरलं तर हक्काचं गणित बदलतं. वकिलाने तेही स्पष्ट सांगितलं, आणि "हे कोर्टात ठरेपर्यंत भिंत कोण सांभाळणार?" असंही विचारलं.

त्यानंतर भिंत पाडायचं बोलणं कोणी काढलं नाही. वाटणीपत्रात भिंत सामाईक ठेवली. मधोमध रेघ फक्त नकाशात. कोणी खणायचं नाही, कोनाडा काढायचा नाही. दुरुस्तीचा खर्च निम्मा-निम्मा, मागच्या आठ फुटांसाठी धाकटा आणि आजी. पत्राची नोंदणीही केली. आईच्या आजारपणाचा विषय निघायला आणखी चार बैठका लागल्या, तो पूर्ण मिटला असं मी म्हणणार नाही.

तुम्ही भावाला "नको" म्हणण्याआधी एक करा. जाणत्या गवंड्याला दोघांच्या देखत बोलवा आणि भिंतीच्या दोन्ही टोकांना, वर छपराशी, कोणाचं लाकूड कुठे टेकलंय ते बघा. तेव्हा नकार तुमचा राहत नाही, भिंतीचा होतो. आणि शेजाऱ्याचं लाकूड निघालं तर त्या दिवशी त्याच्याशी कोणी बोलू नका.

त्या घरी परवा, मे महिन्यात, कौलं चाळायला माणूस आला होता. शिडी थोरल्याकडची होती. धाकट्याने ती मागितली नाही, आजींनी मागून आणली.